चेहरा आपल्या उमेदवाराचा, बाकीचा फोटो कुठला? रिव्हर्स इमेज सर्चने मूळ फोटो असा शोधा

समजा पंचायत इलेक्शनच्या आठवड्यात सत्तरीत वाळपईकडच्या एखाद्या ग्रुपवर फोटो येतो, एक माणूस हातात बंदूक घेऊन मेलेल्या गव्याच्या बाजूला गुडघ्यावर बसलाय, मस्त हसतोय, आणि चेहरा आहे तुमच्या वॉर्डातल्या उमेदवाराचा. खाली लिहिलंय, म्हादई अभयारण्यात शिकार, जास्तीत जास्त शेअर करा. आता गवा म्हणजे गोव्याचा राज्यप्राणी, त्याला मारणं म्हणजे थेट जेलचं काम, त्यामुळे फोटो साखळी, डिचोली करत संध्याकाळपर्यंत पेडण्याला पोचलेला असतो. चेहरा बदललाय का हे मोबाईलवरसुद्धा तपासता येतं, म्हणून हाच फोटो धरून सांगतो.

आधी फोटोची बरी कॉपी मिळवा. स्क्रीनशॉट घेतला तर वरची बॅटरी, ग्रुपचं नाव, खालचा मजकूर सगळंच सर्चमध्ये जातं आणि रिझल्ट भलतेच येतात. फोटो उघडून सेव्ह करा, कोणीतरी काढलेले लाल गोल आणि चिकटवलेलं कॅप्शन क्रॉप करून टाका. फाईलचं नाव IMG-20250312-WA0007.jpg असं काहीतरी दिसेल, त्यातली तारीख फोटो काढल्याची नसते, तो व्हॉट्सअॅपवर फिरल्याची असते, आणि व्हॉट्सअॅपवरून साधा फोटो पाठवला की कॅमेऱ्याची मूळ माहिती पुसली जाते, तेव्हा त्यावरून वाद घालत बसू नका.

मग गुगल अॅपमधल्या कॅमेऱ्याच्या चिन्हावर टॅप करून, म्हणजे गुगल लेन्समध्ये, अख्खा फोटो टाका आणि Exact matches बघा. बहुतेक वेळा इथे हाच व्हायरल फोटो दोनचार फेसबुक पोस्टवर सापडतो नाहीतर काहीच नाही, आणि लोक म्हणतात बघ नेटवर दुसरा फोटो नाही म्हणजे खराच आहे. इथेच थांबायचं नाही.

कारण चेहरा बदललेल्या फोटोत नवीन फक्त चेहरा असतो, अंग, हात, कपडे, जनावर, मागची झाडं हे सगळं जुन्या फोटोतलं जसंच्या तसं असतं. आणि आपण नेमकं चेहऱ्यासकट सर्च करतो, मग मशीन त्या चेहऱ्याच्याच मागे धावतं. तर लेन्समध्ये फोटोवर जी चौकट दिसते तिचे कोपरे ओढून चेहरा बाहेर ठेवा, मानेच्या खालचा भाग घ्या, शोधा. नंतर फक्त जनावराचं डोकं. नंतर फक्त बंदूक धरलेले हात आणि मागचं गवत. चेहऱ्यावर काळा चौकोन रंगवून सर्च करणारे पण आहेत, त्यापेक्षा क्रॉप बरा, कारण तो चौकोन मशीनसाठी फोटोतली अजून एक वस्तू होऊन बसतो.

आपल्या फोटोत जनावराच्या डोक्याचा तुकडा टाकला की लेन्स गवा म्हणत नाही, आफ्रिकन बफेलो म्हणतं, आणि खाली तिकडच्या शिकार सफारीवाल्यांचे फोटो येतात, मेलेलं जनावर पुढे आणि गिऱ्हाईक बाजूला बंदूक घेऊन. आता नीट बघा, या बफेलोच्या नराची शिंगं कपाळावर जाड होऊन जवळजवळ एकमेकांना भिडतात, आपल्या गव्याची भिडत नाहीत, दोन शिंगांमध्ये कपाळाचा उंचवटा असतो, आणि गुडघ्याखाली पाय पांढरट, मोजे घातल्यासारखे. मूळ फोटो अजून मिळाला नसला तरी सत्तरीच्या रानातली शिकार ही गोष्ट तिथेच मोडली, कारण हे जनावर सत्तरीतच काय, भारताच्या कुठल्याच रानात नाही. पण चेहरा कोणी चिकटवला हे अजून सिद्ध झालेलं नाही, तो उमेदवार आफ्रिकेला गेलाही असेल की, म्हणून शोध चालूच ठेवायचा.

तरीही मिळत नसेल तर फोटो आडवा उलटा करा, गॅलरीच्या एडिटमध्ये फ्लिप असतं. सर्चला चकवायला लोक फोटो आरशासारखा उलटवतात. उलटवलाय हे कसं कळणार? टोपीवरची अक्षरं बघा, ती नसतील तर शर्ट बघा, पुरुषांच्या शर्टाची बटणं सहसा घालणाऱ्याच्या उजव्या बाजूच्या पट्टीवर असतात, आणि शिकारीच्या बंदुकीचा बोल्टचा दांडा बहुतेक वेळा उजवीकडे. बटणं घालणाऱ्याच्या डाव्या पट्टीवर आणि दांडा बंदुकीच्या डावीकडे दिसला की फ्लिप करून पहिल्यापासून सगळे तुकडे परत शोधा.

यानंतर तोच फोटो tineye.com वर टाका. टिनआय चेहरा ओळखत नाही, सारखे दिसणारे दुसरे फोटोही देत नाही, ते त्याच फोटोच्या कापलेल्या, रंग बदललेल्या, एडिट केलेल्या कॉप्या शोधतं, आणि आपल्याला हवं तेच आहे. रिझल्ट Oldest ने लावा, मग Biggest image ने. तिथली तारीख म्हणजे टिनआयला तो फोटो पहिल्यांदा सापडला ती तारीख, नेटवर चढवला ती नव्हे, त्यामुळे त्या दिवशी किंवा त्याआधी फोटो नेटवर होता एवढंच म्हणता येतं. पण व्हायरल फोटो कालचा आणि सापडलेला 2016 चा असेल तर तेवढं पुरतं. तिथे Compare आहे, त्याने तुमचा आणि सापडलेला फोटो एकावर एक आलटून पालटून दिसतो, शर्टाच्या चुण्या, बोटं, गवताची काडी न् काडी जागेवर राहते आणि फक्त डोकं बदलतं. हे बघितलं की ग्रुपवरच्या कट्टर माणसालाही जास्त सांगावं लागत नाही.

तारीख दरवेळी कामाला येत नाही. 28 मे 2023 ला दिल्लीत आंदोलन करताना ताब्यात घेतलेल्या विनेश आणि संगीता फोगाट यांचा पोलिसांच्या गाडीतला सेल्फी आठवतो ना, त्यावर हसरे चेहरे करून फिरवलेला? खरा आणि खोटा दोन्ही एकाच दिवशी फिरत होते, तिथे Oldest काय सांगणार. अशा वेळी कुठला फोटो मोठा आणि स्पष्ट आहे, कुठल्यात कडेला जास्त भाग दिसतोय ते बघायचं, कारण एडिट करणारा सहसा कापतो आणि क्वालिटी घालवतो. आता कडेचा भाग नवा बनवून देणारी अॅप्सपण आलीत, म्हणून नुसत्या त्यावर निकाल देऊ नका, फोटो पहिला कोणी टाकला आणि त्याच्याकडे त्याच प्रसंगाचे अजून फोटो आहेत का तेही बघा. सफारीवाल्याच्या पानावर त्याच माणसाचे त्याच शर्टातले अजून तीन फोटो असतील तर विषयच संपला.

शेवटी उलट्या बाजूने जा, फक्त चेहरा क्रॉप करून शोधा, नाहीतर सरळ उमेदवाराच्या फेसबुक पेजवरचे फोटो हाताने चाळा. चिकटवलेला चेहरा बरेचदा प्रचाराच्या पोस्टरवरून उचललेला असतो, तीच मान, तेच हसू, उजेडही त्याच गालावर. अंगाचा एक फोटो आणि चेहऱ्याचा एक, असे दोन्ही मिळाले की फोटो कसा बनवला तेच हातात आलं.

आणि काहीच नाही मिळालं तर? तर काहीच सिद्ध झालं नाही, खरा पण नाही आणि खोटा पण नाही. प्रायव्हेट इन्स्टा, बंद फेसबुक ग्रुप, कोणाच्या तरी फोनमधला फोटो इथपर्यंत कुठलंच सर्च पोचत नाही, आणि पूर्ण एआयने बनवलेल्या फोटोला मूळ फोटोच नसतो. ग्रुपवर तेवढंच लिहा, मूळ मिळाला नाही. मिळाला असेल तर दोन्ही फोटो शेजारी शेजारी एकाच चित्रात लावा, खोट्यावर ठळक खोटा लिहा आणि लिंक द्या, नुसता व्हायरल फोटो परत टाकलात तर तो तुमच्या नावाने पुढे जातो.

एक अपवाद आहे. कोणा बाईचा किंवा मुलीचा चेहरा लावून घाणेरडा फोटो बनवला असेल तर तो कुठल्याही सर्चवर चढवू नका, कोणाला तपासायलाही पाठवू नका. ज्या नंबरवरून आला तो दिसेल असा चॅटचा स्क्रीनशॉट तिच्यासाठी ठेवा, तक्रार cybercrime.gov.in वर किंवा पोलिसांच्या सायबर सेलकडे करता येते.