माउथवॉशच्या या चुका टाळा: झोंबलं म्हणजे काम झालं, असं नाही

बाई खुर्चीत बसल्या आणि तोंड उघडण्याआधीच म्हणाल्या, "डॉक्टर, दिवसातून सहा वेळा माउथवॉश करते, तरी तासाभरात वास परत येतो. याहून जास्त झोंबणारं काही आहे का?"

त्यांच्या तोंडात आरसा घातला तर तो गालाच्या आतल्या बाजूला चिकटला, अगदी सोलून काढावा लागला. एवढी एक खूण पुरेशी असते. ओल्या तोंडात आरसा सरकतो आणि लाळ कमी असली की चिकटतो. बाईंच्या टाळूला लाली होती, गालाच्या आत पातळ पांढरे धागे लोंबत होते. बोटाने ओढले की ते पापुद्र्यासारखे निघत. "सकाळी असं रोज निघतं, मला वाटलं बुरशी असेल," त्या म्हणाल्या. ती बुरशी नव्हती. सतत झोंबणाऱ्या द्रावणाने तोंडातल्या त्वचेचा वरचा थर सुटत होता. काही जणांना हाच त्रास टूथपेस्टमधल्या फेसाच्या घटकाने, म्हणजे सोडियम लॉरिल सल्फेटनेही होतो.

माउथवॉशच्या बहुतेक चुका या एका तोंडात एकत्र सापडल्या, म्हणून त्यांच्याच उदाहरणाने सांगतो.

चूक पहिली: झोंबण्यावरून ताकद मोजणे

अल्कोहोल जंतुनाशक आहे हे खरं, पण त्यासाठी त्याचं प्रमाण साधारण 60 ते 90 टक्के लागतं. हात निर्जंतुक करायच्या द्रावणात ते तेवढं असतं. माउथवॉशच्या जुन्या, तिखट प्रकारांत ते 21 ते 27 टक्क्यांच्या आसपास असतं आणि पुष्कळ बाटल्यांत त्याहूनही कमी. इतक्या प्रमाणात, अर्ध्या मिनिटात, ते जंतूंचं फारसं काही बिघडवत नाही.

मग ते घालतात कशाला? तेलं विरघळवायला. तेल पाण्यात मिसळत नाही, अल्कोहोलात मिसळतं. सुगंधी तेलांच्या माउथवॉशमध्ये खरं काम करणारी मंडळी चार: थायमॉल म्हणजे आपलं ओव्याचं फूल, मेंथॉल म्हणजे पुदिन्याचं सत्त्व, निलगिरीतलं युकॅलिप्टॉल आणि मेथिल सॅलिसिलेट. या शेवटच्याचा वास वेदनाशामक मलमांमुळे सगळ्यांच्या ओळखीचा असतो. ही तेलं जंतूंच्या पेशींचं आवरण बिघडवतात. त्यांचं प्रमाण एकेक टक्कासुद्धा नसतं, टक्क्याचा दहावा हिस्सा किंवा त्याहून कमी.

झोंबतं ते मुख्यतः अल्कोहोल आणि गार वाटतं ते मेंथॉलमुळे. या दोन्ही संवेदना आपल्या मज्जातंतूंच्या आहेत, जंतू मेल्याची पावती नव्हे. तीच तेलं अल्कोहोलऐवजी दुसऱ्या विरघळवणाऱ्या घटकांसोबतही मिळतात. ज्याला झोंबणं सोसत नाही त्याने बिनअल्कोहोलचा प्रकार घेतल्याने काही गमावलं असं समजू नये.

ही तेलं उपयोगी पडतात का?

पडतात, पण एका मर्यादेत. तेलांचं माउथवॉश नियमाने, दिवसातून दोनदा, 20 मिली घेऊन 30 सेकंद खळखळवलं आणि सोबत ब्रश नीट केला, तर काही महिन्यांत दातांवरचा चिकट थर आणि हिरड्यांची सूज कमी होते, असं दिसलेलं आहे. तेही ब्रशच्या जोडीला, ब्रशच्या जागी नाही. चिकटलेला थर चूळ भरून सुटत नाही. हिरडीच्या खालच्या कप्प्यात तर द्रावण पोचतच नाही. रोगाने दात हलायला लागले असतील तर बाटली बदलून उपयोग नाही.

सौंदर्यप्रसाधन म्हणून विकलं जाणारं साधं माउथवॉश तर एवढंही करत नाही. त्यात सुगंध, रंग, गोडी आणि पाणी असतं. ते वासावर पांघरूण घालतं, थोड्या वेळाने ते उडून जातं. म्हणून बाटलीच्या पुढच्या बाजूचं चकचकीत वाक्य सोडून मागची यादी वाचावी. फ्लोराइड, क्लोरहेक्सिडिन किंवा सेटिलपायरिडिनियम क्लोराइडसारखं जंतुनाशक, झिंकचा एखादा क्षार किंवा वरची तेलं, यांपैकी काहीच नसेल तर ती बाटली बहुधा फक्त सुगंधाची.

चूक दुसरी: वास कुठून येतो ते न पाहता बाटली बदलत राहणे

तोंडाच्या वासाचं मूळ बहुतेक वेळा तोंडातच असतं. जिभेच्या मागच्या भागावर खडबडीत खाचा असतात. तिथे अन्नाचे कण, लाळेतली प्रथिनं आणि मेलेल्या पेशी साचतात. हवेशिवाय जगणारे जंतू ते कुजवतात आणि गंधकाचे वायू सोडतात. हायड्रोजन सल्फाइड हा त्यांतला एक, कुजक्या अंड्यासारखा. गुळणी केली की द्रावण तिथून नुसतं वाहून जातं, थर जागचा हलत नाही.

शोधायची पद्धत सोपी आहे, फक्त त्या सकाळी माउथवॉश बंद. ओल्या चमच्याच्या कडेने जिभेच्या अगदी मागून एकदा हलकेच खरवडा, काही क्षण थांबा आणि चमचा हुंगा. मग फ्लॉसचा दोरा मागच्या दाढांच्या फटीतून ओढून तोही हुंगा. चमच्याला वास असेल तर जीभ, दोऱ्याला असेल तर फटी. मनगट चाटून पाहायची युक्ती चालते खरी, पण तिथे जिभेचा पुढचा भाग टेकतो, आणि तो बहुधा स्वच्छ असतो.

बाईंचा चमचा आणि दोरा, दोन्ही बोलले.

लसणाची गोष्ट मात्र वेगळी. त्याचा एक वायू रक्तात जाऊन फुप्फुसांतून श्वासाबरोबर बाहेर येतो. त्या दिवशी कितीही चुळा भरा, आतला वारा तोच. ते उतरेपर्यंत थांबावं लागतं.

चूक तिसरी: ब्रश संपला की लगेच माउथवॉश

दात घासून झाल्यावर टूथपेस्टमधलं फ्लोराइड दातांवर राहायला हवं. नेहमीच्या पेस्टमध्ये ते साधारण 1000 ते 1500 पीपीएम, म्हणजे दहा लाख भागांत तेवढे भाग असतं. रोजच्या फ्लोराइड माउथवॉशमध्ये जेमतेम 225. म्हणजे ब्रशनंतर लगेच खळखळवलं की जास्तीचं धुऊन टाकून कमीचं लावलं. सौंदर्यवाल्या बाटलीत तर तेही नाही. फेस थुंकावा, पाण्यानेही फार चुळा भरू नयेत. माउथवॉश दुपारी, जेवणानंतर करावं, आणि त्यानंतर अर्धा तास काही खाऊ-पिऊ नये.

बाई मात्र सकाळी ब्रश, चूळ, लगेच माउथवॉश, आणि मग दिवसभर आणखी पाच वेळा.

चूक चौथी: कोरड्या तोंडावर अल्कोहोल

निरोगी, ओल्या तोंडात अल्कोहोलचं माउथवॉश लाळ आटवतं, असं ठामपणे म्हणण्याइतका पुरावा नाही. पण लाळ आधीच कमी असेल तर गणित पालटतं. लाळ पातळ आवरण घालून त्वचेचं रक्षण करते, अन्न धुऊन नेते, आम्ल निवळवते. ती कमी झाली की थर साचतो, जंतू वाढतात, वास येतो. त्यावर अल्कोहोल ओतलं तर आग होते, आणखी कोरडं वाटतं, आणि माणूस पुन्हा बाटलीकडे हात नेतो. हेच ते चक्र.

मी विचारलं, "ताई, कुठली गोळी चालू आहे?" तर म्हणाल्या, शिंकांसाठी रोज रात्री एक, दोन वर्षांपासून. अ‍ॅलर्जीच्या जुन्या गोळ्यांनी तोंड कोरडं पडतं. नैराश्यावरच्या कित्येक गोळ्या आणि लघवीचा वेग रोखणारी काही औषधंही हे करतात. स्वतःहून गोळी बंद करू नये, लिहून देणाऱ्या डॉक्टरांनाच विचारावं. त्यांनी विचारलं, आणि दुसरी, कमी कोरडेपणा आणणारी गोळी मिळाली.

अल्कोहोलचा प्रकार कुणासाठी नाही

कोरडं तोंड, तोंडात फोड, जिभेची आग, लायकेन प्लॅनससारखा तोंडाचा विकार, डोक्या-मानेला किरणोपचार किंवा केमोथेरपी चालू: या सगळ्यांना अल्कोहोल नको, आणि यांतल्या पुष्कळांना तिखट तेलंही सोसत नाहीत. पहिल्या दिवशी झोंबलं तर सवय होईल म्हणून रेटू नका.

मद्य सोडलेल्या माणसाला त्याची चव आणि वास, दोन्ही धोक्याचे. त्यासाठी डायसल्फिराम घेत असेल तर बाटलीला हातही लावू नये, थोड्या अल्कोहोलनेही जोरदार त्रास होऊ शकतो. मेट्रोनिडाझोलच्या माहितीपत्रकातही अल्कोहोल टाळा असं लिहिलेलं असतं. हिरडीच्या पुवाला ती गोळी नेहमी दिली जाते, आणि माणूस तोंड स्वच्छ राहावं म्हणून त्याच दिवशी माउथवॉश आणतो! दाढ काढल्यावर पहिले 24 तास कुठलीच जोरदार गुळणी नको, जखमेतली गुठळी निघून येते.

सहा वर्षांखालच्या मुलांना माउथवॉश देऊ नये. त्यांना थुंकणं नीट जमत नाही, ती गिळतात. तिखट प्रकाराच्या 100 मिलीत साधारण 20 ग्रॅम अल्कोहोल असतं. लहान मुलाने तेवढं प्यायलं तर दवाखान्यात नेण्याची वेळ येते, म्हणून बाटली वरच्या फळीवर, झाकण लावून ठेवावी. गाडी चालवताना श्वासाची तपासणी होणार असेल तर चूळ भरल्यावर साधारण 15 मिनिटं थांबावं. तोंडात राहिलेल्या अल्कोहोलने आकडा खोटा वाढतो.

तोंडाच्या कर्करोगाशी संबंध आहे का, असं लोक हमखास विचारतात. अल्कोहोलच्या माउथवॉशमुळे कर्करोग होतो हे सिद्ध झालेलं नाही, अभ्यासांचे निष्कर्ष एकमेकांशी जुळत नाहीत. तंबाखू आणि मद्यपान ही कारणं मात्र पक्की आहेत.

बाईंना काय सांगितलं

अल्कोहोलची बाटली पूर्ण बंद. टूथपेस्ट सोडियम लॉरिल सल्फेट नसलेली. सकाळी जीभ मागून पुढे, ओकारी येईल त्याच्या अलीकडून, तीन-चार वेळा हलक्या हाताने खरवडायची. रात्री दाढांच्या फटींसाठी बारीक ब्रश, त्यांच्या फटीला बसेल त्या मापाचा. दिवसभर घोट-घोट पाणी, मधूनमधून साखर नसलेलं च्युइंगम, म्हणजे लाळ सुटते. माउथवॉश हवंच असेल तर बिनअल्कोहोलचं, फ्लोराइडवालं, दिवसातून एकदा, जेवणानंतर.

पापुद्रे आठवड्याभरात निघायचे थांबले, आग पंधरवड्यात गेली. महिन्याने आल्या तेव्हा आरसा गालावर सरकला, दोऱ्याला वास नव्हता, चमच्याला थोडा होता. एका दाढेच्या फटीतून अजून रक्त येत होतं. तिथे टार्टर, म्हणजे दगडासारखा कडक झालेला थर होता, तो त्या दिवशी काढला.