सार्वजनिक वाहतुकीवर सादरीकरण करताय? प्रश्न विचारताना या चुका टाळा

"बस सुरू केली तर तुम्ही वापराल का?" नगररचनेच्या सादरीकरणात हा प्रश्न दिसला की मी पुढची स्लाइड बघतच नाही. याला नाही कोण म्हणेल? हो म्हणायला काहीच लागत नाही.

एका गटाने याच प्रश्नावर सगळा डोलारा उभा केला होता. बहुतेक लोक हो म्हणाले म्हणून त्यांनी थेट प्रवासीसंख्या काढली. मी त्यांना त्याच लोकांकडे परत पाठवलं आणि फक्त एवढंच विचारायला सांगितलं: "काल घरातून निघाल्यापासून परत येईपर्यंत कुठे कुठे गेलात, किती वाजता आणि कशाने?" तेव्हा खरं चित्र दिसलं. कुणी आधी मुलाला शाळेत सोडून मग कामावर जात होतं, कुणी परतताना बाजारात उतरत होतं. काहींची पाळी रात्री दहाला सुटत होती आणि गटाच्या आराखड्यात शेवटची बस साडेनऊची होती! हो म्हणणाऱ्या बऱ्याच जणांना ती बस उपयोगाचीच नव्हती. मी हा प्रश्न नेहमी मंगळवार ते शुक्रवार विचारतो, म्हणजे "काल" हा कामाचा दिवस येतो. घाई असलेले लोक रविवारी सर्वेक्षण उरकतात आणि शनिवारच्या सवयी गोळा करतात.

दुसरी चूक मला जास्त खटकते: "बस जास्त भागांत हवी का?" आणि "बस लवकर लवकर यावी का?" हे वेगवेगळे विचारणं. लोक दोन्हींना हो म्हणतात, पण पैसा एकच असतो. समजा, एका मार्गावर जायला ५० मिनिटं लागतात, यायला ५० आणि दोन्ही टोकांना १०-१० मिनिटं थांबा. एक फेरी १२० मिनिटांची झाली. दर १५ मिनिटांनी बस हवी तर १२० भागिले १५, म्हणजे ८ बस लागतात. त्याच ८ बसमध्ये तेवढ्याच लांबीचे दोन मार्ग चालवता येतात, पण मग बस दर ३० मिनिटांनी येईल. बस वेळेवर असल्या तरी न बघता थांब्यावर येणारा माणूस सरासरी साडेसातऐवजी १५ मिनिटं ताटकळेल. म्हणून प्रश्न असा विचारा: "दहा मिनिटं जास्त चालून १५ मिनिटांनी येणारी बस धराल, की घराजवळून ३० मिनिटांनी येणारी?" बस तेवढ्याच राहतात, आणि लोकांना खरोखर निवड करावी लागते.

थांब्याभोवती ४०० मीटरचं वर्तुळ काढून आतले सगळे "सेवेत" धरू नका. मधे रेल्वेचे रूळ असतील तर तेच अंतर चालत किलोमीटरभर होतं. मी स्वतः चालून बघतो.

खर्च प्रति किलोमीटर दाखवलात तर शेजारी प्रति प्रवासी खर्चही लिहा. रिकामी बस किलोमीटरमागे जवळपास तेवढाच खर्च करते.