सर्व्हरवर जागा मागताना आकडा द्या

'लेक्चर रेकॉर्डिंगसाठी पुरेशी जागा मिळावी' असं पत्र आयटी ऑफिसात पडून राहतं, कारण पुरेशी म्हणजे किती, हे त्यांना कळत नाही. हिशोब मीडिया सेलनेच करून द्यावा.

समजा, नेरुळच्या एका कॉलेजात रोज 6 तास रेकॉर्डिंग होतं. व्हिडिओचा बिटरेट 4 एमबीपीएस, म्हणजे सेकंदाला अर्धा एमबी, तासाला 1.8 जीबी. सत्रात शिकवण्याचे 90 दिवस धरले तर 540 तास होतात, साधारण 1 टीबी. वेगळ्या डिस्कवरच्या बॅकअपला आणखी 1 टीबी. हे गणित पत्रात जसंच्या तसं मांडा. बिटरेट मात्र अंदाजे घेऊ नका. तयार फाइलचा आकार तिच्या तासांनी भागला की तासाला किती जीबी लागतात, हा खरा आकडा मिळतो. कॅमेऱ्यातली मूळ फाइल बहुधा बरीच मोठी असते, ती सर्व्हरवर टाकणार नाही हेही लिहा.

खरी मेख मुदतीची. दर सत्राला 1 टीबी वाढतच जाणार, ही आयटीवाल्यांची धास्ती रास्तच आहे. म्हणून शेवटी एवढं घाला: 'पुनर्मूल्यांकनाचे निकाल लागेपर्यंत रेकॉर्डिंग ठेवू. त्यानंतर विभागप्रमुखांनी निवडलेली लेक्चर वगळून बाकीची मीडिया सेल स्वतः काढून टाकेल.'