मानवी शरीरावरचे शब्दकोडे आणि रिकाम्या जागांची कार्यपत्रिका वर्गासाठी कशी तयार करावी

इंदूरमध्ये रविवारी भरणाऱ्या आमच्या मराठी वर्गासाठी मी अशा कार्यपत्रिका गेली काही वर्षे करीत आलो आहे. अवयवांची यादी पाठ्यपुस्तकातून काढणे आणि चौकटी आखणे ही कामे अर्ध्या तासात होतात. खरी अडचण येते ती शब्द एकमेकांत गुंफताना.

'एका चौकटीत एक अक्षर' एवढाच सल्ला सगळीकडे मिळतो, आणि तो अपुरा आहे. मराठी कोड्यात काना, मात्रा, वेलांटी, अनुस्वार आणि जोडाक्षर यांसह संपूर्ण अक्षर एका चौकटीत बसते. त्यामुळे 'मूत्रपिंड' या शब्दाला मू, त्र, पिं, ड अशा चारच चौकटी लागतात. संगणकावर हाच शब्द नऊ चिन्हांनी लिहिला जातो, आणि कोडे आपोआप बनवणारी काही साधने त्याला नऊ चौकटी देऊन मोकळी होतात. म्हणून आराखडा चौकटींच्या वहीत हाताने करावा, असे माझे ठाम मत आहे.

दोन शब्द जिथे छेदतात तिथले अक्षर दोन्ही शब्दांत तंतोतंत सारखे असावे लागते. पहिल्या वर्षी मी 'आतडे' आणि 'मूत्रपिंड' हे शब्द 'ड' वर छेदले. एकात 'डे' आणि दुसऱ्यात 'ड' आहे, हे पत्रिका वाटून झाल्यावर एका मैत्रिणीने दाखवले, तोवर निम्म्या वर्गाने 'आतड' लिहिले होते. 'मूत्रपिंड' मधला 'त्र' आणि 'मूत्राशय' मधला 'त्रा' यांनीही अशीच फसगत होते. म्हणून आधी प्रत्येक शब्द अक्षरे सुटी करून लिहावा आणि सारखी अक्षरे अधोरेखित करावीत. मग 'मूत्रपिंड' आणि 'मूत्राशय' यांत 'मू', 'मूत्राशय' आणि 'यकृत' यांत 'य', 'यकृत' आणि 'आतडे' यांत 'त', तर 'मूत्रपिंड' आणि 'स्वादुपिंड' यांत 'ड' सापडतो. त्यातून हा आराखडा तयार होतो:

■ | ■ | ■ | स्वा
■ | ■ | ■ | दु
■ | ■ | ■ | पिं
मू | त्र | पिं | ड
त्रा | ■ | ■ | ■
श | ■ | आ | ■
य | कृ | त | ■
■ | ■ | डे | ■

'स्वादुपिंड' आणि 'मूत्रपिंड' यांत 'पिं' ही सामाईक आहे, पण तिथे छेद घेतल्यास 'स्वादुपिंड' चा 'ड' थेट 'आतडे' च्या 'आ' वर येऊन टेकतो आणि दोन शब्दांचा एकच लांब, निरर्थक शब्द होतो. छेद घेतल्यावर आजूबाजूच्या चौकटी तपासायच्या त्या याचसाठी.

क्रमांक डावीकडून उजवीकडे आणि वरून खाली द्यावेत. सूचक वाक्यात उत्तराचा कोणताही भाग येऊ देऊ नये. 'मूत्र तयार करणारा अवयव' असे लिहिले की अर्धे उत्तर तिथेच मिळते. त्याऐवजी 'रक्तातील युरिया गाळून काढणारा, घेवड्याच्या बीच्या आकाराचा अवयव' असे लिहावे. यकृतासाठी 'पित्तरस तयार करणारी मोठी ग्रंथी' आणि स्वादुपिंडासाठी 'इन्सुलिन स्रवणारा अवयव' ही वाक्ये पुरेशी आहेत.

रिकाम्या जागांत आणखी दोन गोष्टी सांभाळाव्या लागतात. पहिली विभक्तीची: 'पित्तरस ____ तयार होतो' असे लिहिल्यास कोणी 'यकृतात' लिहितो, कोणी 'यकृतामध्ये', आणि तपासणाऱ्याचा गोंधळ होतो. 'पित्तरस तयार करणाऱ्या ग्रंथीचे नाव ____ आहे' अशी रचना केली की उत्तर मूळ रूपातच येते.

दुसरी गोष्ट इंदूरकरांना विशेष लागू आहे. आमच्यापैकी अनेकजण शाळेत विज्ञान हिंदीतून शिकतात, त्यामुळे मूत्रपिंडाच्या जागी ते 'वृक्क' लिहितात, आणि तो शब्द मराठीतही चुकीचा नाही. रिकाम्या जागेपुढे कंसात अक्षरसंख्या दिली, म्हणजे मूत्रपिंडासाठी 4, तर वाद उरत नाही. रक्तवाहिन्यांबाबत मात्र संख्या पुरत नाही, कारण हिंदी पुस्तकांतील 'धमनी' आणि मराठी पुस्तकांतील 'रोहिणी' हे दोन्ही शब्द तीन अक्षरांचे आहेत. तिथे उत्तरपत्रिकेत दोन्ही नावे ग्राह्य धरावीत.

त्याच प्रश्नात 'ऑक्सिजनयुक्त रक्त वाहून नेणारी' असे कधीही लिहू नये. हृदयाकडून फुप्फुसांकडे जाणाऱ्या रोहिणीत ऑक्सिजन कमी असलेले रक्त असते, म्हणून ते वाक्य शास्त्रीयदृष्ट्या चुकते. 'हृदयाकडून रक्त बाहेर नेणाऱ्या वाहिनीला ____ म्हणतात' हे वाक्य फुप्फुसांकडे जाणाऱ्या रोहिणीलाही लागू पडते. हाडांची संख्या विचारायची असल्यास 'प्रौढ माणसाच्या' हे शब्द अवश्य घालावेत, कारण 206 हा आकडा प्रौढांचाच आहे; नवजात बाळाची हाडे त्याहून जास्त असतात आणि पुढे त्यांतील काही एकमेकांना जुळतात.

प्रती काढण्यापूर्वी उत्तरपत्रिका न पाहता एका वर्गमित्राकडून संपूर्ण पत्रिका सोडवून घ्यावी, आणि तो जिथे अडखळेल तिथले सूचक वाक्य बदलावे.