मोठा फोटो एक्स्पोर्ट करताना ॲप बंद पडतं किंवा फोटो धूसर येतो: कारण कसं ओळखावं, काय करावं

निरोप समारंभाचा एक ग्रुप फोटो होता. चार रांगांत साठ माणसं, मोबाइलच्या १०८ मेगापिक्सेल मोडवर काढलेला. माझ्या भाचीने फोटोच्या तळाशी गडद निळी पट्टी टाकून तिच्यावर लाल अक्षरांत सगळ्यांची नावं लिहिली. २० बाय १५ इंचांची प्रिंट काढायची होती. पहिल्यांदा एक्स्पोर्ट दाबल्यावर ॲप बंदच पडलं. फोन रीस्टार्ट करून पुन्हा केलं तेव्हा फोटो सेव्ह झाला, पण झूम केल्यावर मागच्या रांगेतले चेहरे ओळखू येईनात. मग तिने फोटो माझ्याकडे आणला.

अशा वेळी बहुतेक जण लगेच दुसरं ॲप डाउनलोड करतात. त्याआधी दोन मिनिटं काढून एक गोष्ट बघा, कारण "धूसर" या एका शब्दात दोन अगदी वेगळे दोष लपलेले असतात आणि एकाचा उपाय दुसऱ्याला लागू पडत नाही.

आधी आकडे बघा

गॅलरीत मूळ फोटो उघडा आणि त्याची माहिती बघा. बहुतेक फोनवर फोटो वर सरकवला किंवा `i` चं चिन्ह दाबलं की ती दिसते. तिथे रुंदी आणि उंची पिक्सेलमध्ये लिहिलेली असते. ती कागदावर टिपून घ्या. मग एक्स्पोर्ट झालेल्या फोटोची तीच माहिती बघा.

एक्स्पोर्टचे आकडे मूळ फोटोपेक्षा कमी असतील, तर ॲपने फोटो लहान करून सेव्ह केलाय. मधे तुम्ही काही कापलं असेल तर तेवढी घट अर्थातच सोडून द्या. आकडे तेच असूनही फोटो खराब दिसत असेल, तर दोष फॉरमॅटमध्ये किंवा क्वालिटीच्या सेटिंगमध्ये आहे. फाइल किती एमबीची आहे हे बघून यातलं काहीच कळत नाही.

आमच्या फोटोचा मूळ आकार १२००० × ९००० होता आणि एक्स्पोर्ट ४०९६ × ३०७२ आला होता. ४०९६ हा आकडा दिसला की मला पुढचं विचारावं लागत नाही. फोनच्या ग्राफिक्स चिपला एका वेळी जेवढ्या लांबी-रुंदीचं चित्र हाताळता येतं, त्याला मर्यादा असते. ती ४०९६, ८१९२ किंवा १६३८४ अशा आकड्यांवर असते, आणि काही ॲप्स सगळ्याच फोनवर चालावं म्हणून सर्वांत खालचा आकडा धरून बसतात. लांब बाजू बरोबर यांपैकी एका आकड्यावर थांबली असेल, किंवा मूळच्या नेमकी निम्मी वा पाव झाली असेल, तर ॲपने फोटो आधीच लहान करून उघडला होता असं समजा. तुम्ही एडिटिंग केलं ते त्या लहान प्रतीवर. अशा फाइलची क्वालिटी १०० वर नेऊन पुन्हा सेव्ह केलं तरी हरवलेले पिक्सेल परत येत नाहीत.

ब्राउझरमध्ये चालणाऱ्या एडिटरचंही असंच असतं. आयफोनच्या सफारीत बराच काळ एका कॅनव्हासची, म्हणजे ब्राउझर चित्र ज्यावर काढतो त्या जागेची, मर्यादा १,६७,७७,२१६ पिक्सेल, म्हणजे ४०९६ × ४०९६ एवढी होती. फोटो मर्यादेपेक्षा मोठा असेल तर तो लहान तरी होतो, नाहीतर कोरा तरी येतो.

मात्र आकार कमी दिसला की लगेच मेमरीला दोष देऊ नका. आधी ॲपच्या एक्स्पोर्ट सेटिंगमध्ये जाऊन कमाल आकाराची मर्यादा घातलेली नाही ना, हे बघा. कित्येकदा तिथे कुणीतरी कधीतरी २००० पिक्सेल निवडून ठेवलेलं असतं.

फाइल वीस एमबीची, मग मेमरी का पुरत नाही?

भाचीचा हाच प्रश्न होता. जेपीजी फाइल म्हणजे घडी घालून, दाबून बसवलेला फोटो. एडिट करायचा तर ॲपला ती घडी पूर्ण उलगडावी लागते, आणि उलगडल्यावर प्रत्येक पिक्सेल साधारण ४ बाइट जागा घेतो. १२००० × ९००० म्हणजे १०.८ कोटी पिक्सेल. चारने गुणलं की ४३२ एमबी झाले. मूळ फाइल वीस एमबीची असो की चाळीसची, उलगडल्यावर रॅममध्ये जागा तेवढीच लागते.

आता नावांचा लेयर. काही ॲप्स लेयर पूर्ण फोटोएवढा धरतात, मग त्यात चार शब्द का असेनात. म्हणजे आणखी ४३२. एक्स्पोर्ट करताना सगळं एकत्र करून नवी प्रत तयार होते, तिचे पुन्हा ४३२. तिन्ही मिळून सुमारे १.३ जीबी. त्यात अनडूसाठी ठेवलेल्या जुन्या प्रती असतील तर त्या वेगळ्याच. फोनमध्ये ४ जीबी रॅम असली तरी तिचा मोठा भाग सिस्टिम आणि इतर ॲप्सकडे असतो. एवढी जागा मागणारं ॲप सिस्टिम सरळ बंद करून टाकते, बहुतेकदा कुठलाही संदेश न देता. म्हणून ॲप "अचानक" गेल्यासारखं वाटतं. संपादन करताना चालतं आणि नेमकं एक्स्पोर्टलाच पडतं, त्याचं कारणही हेच: सर्वांत जास्त जागा त्याच क्षणी लागते.

एक वेगळा प्रकार लक्षात ठेवा. फोटो सेव्ह झालाय, पण खालचा भाग सपाट करडा किंवा काळा आहे, तर फाइल लिहिता लिहिता अर्धवट राहिली आहे. तिथे रॅमआधी फोनचं स्टोरेज भरलंय का ते तपासा.

ओझं कमी करा, पण योग्य क्रमाने

पहिला प्रश्न: शेवटी किती पिक्सेल हवेत? चांगल्या प्रिंटसाठी इंचाला ३०० पिक्सेल भरपूर होतात. २० × ३०० = ६०००, १५ × ३०० = ४५००. म्हणजे आम्हाला ६००० × ४५०० पुरेसे होते. एवढ्या आकाराची एक प्रत १०८ एमबी घेते आणि तीन प्रती ३२४. तोच फोन हे काम सहज करतो.

इथे भाचीला वाईट वाटलं, १०८ मेगापिक्सेलचे २७ करायचे म्हणून. पण असे सेन्सर मुळात नऊ-नऊ पिक्सेल एकत्र करून १२ मेगापिक्सेलचा फोटो द्यायला बनवलेले असतात. पूर्ण १०८ मध्ये आकडा मोठा असला तरी प्रत्येक पिक्सेलमागचा खरा तपशील तेवढा नसतो. ६००० × ४५०० वर आणल्यावर चेहऱ्यांत फरक दिसला नाही. उलट सावलीतला दाणेदारपणा कमी झाला.

क्रम महत्त्वाचा आहे. आधी मूळ फोटोची प्रत घ्या, हवा तेवढा कापा, मग आकार कमी करा आणि ती वेगळी फाइल म्हणून सेव्ह करा. नावं, फ्रेम, रंगसुधारणा हे सगळं त्यानंतर. आधी अक्षरं टाकून मागाहून फोटो लहान केला, तर अक्षरांच्या कडाही त्याच्याबरोबर मऊ होतात. तुमचं ॲप मोठा फोटो उघडतानाच ४०९६ वर आणत असेल, तर आकार कमी करायचं काम त्यात करू नका. ते संगणकावर किंवा पूर्ण आकार जपणाऱ्या दुसऱ्या ॲपमध्ये करा. आणि कमी केल्यानंतरही लांब बाजू ६००० राहणार असेल, तर पुढचं कामसुद्धा तिथेच करावं लागेल. आम्ही तसंच केलं.

एक्स्पोर्टच्या आधी लेयर एकत्र करा, प्रोजेक्ट सेव्ह करून ॲप बंद करा आणि पुन्हा उघडा. त्याने बऱ्याच ॲप्समध्ये अनडूच्या प्रती सुटतात. बाकीची ॲप्स बंद ठेवा. एक्स्पोर्ट चालू असताना दुसऱ्या ॲपवर जाऊ नका, कारण जागा कमी पडली की सिस्टिम मागे गेलेल्या ॲप्सवर आधी घाला घालते. रॅम मोकळी करून देतो म्हणणाऱ्या ॲप्सच्या नादी लागू नका, ती स्वतःच रॅम खात बसतात.

आकार बरोबर, तरी अक्षरं फुटतात

या वेळी एक्स्पोर्ट ६००० × ४५०० आला. चेहरे स्वच्छ होते. पण निळ्या पट्टीवरची लाल नावं कडेला पसरलेली, शाई फुटल्यासारखी. मेमरीचा प्रश्न सुटला होता, हा फॉरमॅटचा होता.

जेपीजी करताना बहुतेक ॲप्स उजेडाची माहिती प्रत्येक पिक्सेलसाठी ठेवतात, पण रंगाची माहिती चार पिक्सेलच्या चौकोनामागे एकदाच. याला ४:२:० म्हणतात. चेहरा, झाडं, आकाश यांत ते डोळ्याला कळत नाही. पांढऱ्यावर काळी अक्षरं असतील तरी चालून जातं, कारण तिथला सगळा फरक उजेडाचाच असतो. गडद निळ्यावरच्या लालमध्ये मात्र फरक मुख्यतः रंगाचा आहे, आणि नेमका तोच कमी केलेला असतो. ओळखायची युक्ती सोपी आहे: एक नाव पांढरं करून पुन्हा एक्स्पोर्ट करा. पांढरं नाव रेखीव आलं आणि लाल पसरलं, तर दोष इथेच आहे. सगळ्याच अक्षरांभोवती मुंग्या आल्यासारख्या दिसत असतील, तर क्वालिटी कमी आहे. ती ९० ते ९५ वर न्या. हा आकडा टक्केवारी नसतो आणि दोन ॲप्समधले ९० सारखे असतीलच असं नाही.

काही ॲप्समध्ये ४:४:४, म्हणजे रंगही प्रत्येक पिक्सेलसाठी ठेवायचा पर्याय, निवडता येतं, तसं असेल तर तेच निवडा. आमच्या ॲपमध्ये नव्हतं, म्हणून पीएनजी निवडलं. त्यात काहीच टाकून दिलं जात नाही. फाइल कित्येक पट मोठी होते, हाच तोटा. मात्र आधीच खराब झालेली जेपीजी पीएनजीमध्ये बदलली तर ती फक्त जड होते, सुधारत नाही. वेबपी या फॉरमॅटच्या वाट्याला अशा कामासाठी जाऊ नका: त्याच्या नेहमीच्या दाबलेल्या प्रकारात रंग ४:२:० च राहतो, शिवाय एका बाजूला १६३८३ पिक्सेलच्या वर जाता येत नाही, त्यामुळे लांबलचक पॅनोरामा त्यात सेव्हच होत नाही.

प्रिंटवाल्याला जेपीजीच हवी असेल, तर संगणकावर इमेजमॅजिक हा प्रोग्रॅम टाकून टर्मिनलमधून पीएनजीवरून अशी करता येते:

```
magick group.png -sampling-factor 4:4:4 -quality 95 group.jpg
magick identify group.jpg
```

दुसरी ओळ तयार झालेल्या फाइलचे पिक्सेल दाखवते. आमच्याकडे तिने `6000x4500` दाखवलं.

डीपीआयचा, म्हणजे इंचामागे किती ठिपके याचा, आकडा ७२ दिसला म्हणून घाबरू नका. ती फाइलला लावलेली चिठ्ठी आहे. पिक्सेल ६००० असतील तर २० इंचांच्या कागदावर इंचाला ३००च पडणार.

पाठवण्याआधी

फोटो स्क्रीनभर बघून निर्णय घेऊ नका. फोनची स्क्रीन मुळातच लहान, तिथे ४०९६ चा फोटोही सुरेख दिसतो. भाची त्यालाच फसली होती. मूळ आणि एक्स्पोर्ट दोन्हींत मागच्या रांगेतला तोच एक चेहरा आणि त्याच्या खालचं नाव झूम करून शेजारी शेजारी बघा. फाइल मेसेजिंग ॲपवरून जाणार असेल तर ती फोटो म्हणून न पाठवता डॉक्युमेंट म्हणून जोडा, नाहीतर ते ॲप तिला वाटेतच पुन्हा लहान करून दाबतं. आणि समोरच्याला मिळाल्यावर त्याच्याकडच्या फाइलची रुंदी-उंची विचारून घ्या. आम्ही विचारली, ६००० × ४५०० असं उत्तर आलं, आणि मगच प्रिंट काढायला सांगितली.