माल परत आला? आधी मूळ बिलाची तारीख बघा

जून लागला की वेंगुर्ला-सावंतवाडीकडच्या काजू कारखान्यांना बाजारातून फोन सुरू होतात. डब्याला बारीक गळती होती, दमट हवा आत शिरली, गर नरम पडला, डबे परत घ्या. डबे घ्यायचे की नाही हा धंद्याचा प्रश्न. घ्यायचे ठरलं तर जीएसटीच्या कागदांची तयारी खालीलप्रमाणे. गेल्या वर्षी यातली एक गोष्ट माझ्याकडून सुटली आणि कर अंगावर बसला, म्हणून तिच्यावर जरा जास्त लिहितो आहे.

ती गोष्ट म्हणजे मूळ बिलाची तारीख. माल कधी परत आला किंवा तक्रार कधी आली याला इथे किंमत नाही. पुरवठा ज्या आर्थिक वर्षात झाला, ते वर्ष संपल्यानंतरच्या ३० नोव्हेंबरपर्यंतच क्रेडिट नोट विवरणपत्रात दाखवून कर कमी करता येतो. त्याआधी वार्षिक विवरण भरून झालं असेल तर मुदत त्याच दिवशी संपते. आपला हंगाम मार्च ते मे, म्हणजे बरोबर ३१ मार्चवर दुभंगलेला. २८ मार्च २०२६ च्या बिलाची मुदत ३० नोव्हेंबर २०२६ ला संपते आणि ४ एप्रिल २०२६ च्या बिलाची ३० नोव्हेंबर २०२७ ला. एकाच लॉटचे डबे, एकाच टेम्पोतून परत आलेले, आणि मुदतीत पूर्ण वर्षाचा फरक. म्हणून परत आलेला प्रत्येक डबा कोणत्या बिलावर गेला होता ते आधी शोधा. डब्यावर लॉट नंबर आणि बिलावर तोच लॉट नंबर, ही सवय पॅकिंगच्या वेळीच लावा. नंतर शोधत बसणं फार जड जातं.

आणि ३० नोव्हेंबर म्हणजे नोव्हेंबरात नोट काढली तरी चालेल, असं समजू नका. नोव्हेंबरात काढलेली नोट नोव्हेंबरच्या विवरणात जाते आणि ते आपण डिसेंबरात भरतो, म्हणजे मुदतीनंतर. तेव्हा मासिक विवरण भरणाऱ्याने नोट ऑक्टोबरअखेर काढावी, म्हणजे ती ११ नोव्हेंबरच्या जीएसटीआर-१ मध्ये बसते. तिमाहीवाल्यांनी सप्टेंबरअखेर मोकळं व्हावं, कारण ऑक्टोबर-डिसेंबरचं विवरण जानेवारीत जातं. वार्षिक विवरण लवकर भरून टाकणाऱ्या सीएला आधी विचारा, मार्चच्या बिलांवरचा माल परत यायचा संपला का? मूळ बिलाची तारीख, पुन्हा सांगतो, मूळ बिलाची.

आता आकड्यांत बघू. मार्चच्या बिलावर १० किलोचे ५० डबे, दर ८०० रुपये किलो. करपात्र किंमत ४,००,०००, त्यावर ५ टक्के म्हणजे २०,००० कर. परत आले ८ डबे, म्हणजे ८० किलो. क्रेडिट नोट ६४,००० ची आणि कर ३,२००. ग्राहक महाराष्ट्रातला असेल तर केंद्राचे १,६०० आणि राज्याचे १,६००, गोव्याचा असेल तर सगळा आयजीएसटी. कराचा दर मूळ बिलावरचाच. मधल्या काळात दर बदलला असला तरी नोटेवर जुनाच दर लागतो.

परतीच्या प्रवासाला कागद हवाच, नुसत्या चिठ्ठीवर डबे चढवू देऊ नका. ग्राहकाने डिलिव्हरी चलन करावं आणि त्यावर आपल्या मूळ बिलाचा नंबर लिहावा. ई-वे बिलासाठी करासह किंमत बघतात, इथे ६७,२००. महाराष्ट्रातल्या महाराष्ट्रात मर्यादा एक लाखाची, म्हणजे मुंबईहून येताना लागणार नाही. म्हापशाहून येताना मात्र लागेल, कारण राज्याबाहेरून ५०,००० च्या वर ते सक्तीचंच आहे.

नोटेवर वेगळ्या मालिकेचा क्रमांक, दोघांचे जीएसटीआयएन, मूळ बिलाचा नंबर आणि तारीख, किंमत, दर, कर, सही. एका नोटेत अनेक बिलं घालता येतात, पण मार्च आणि एप्रिलची बिलं एकत्र घालू नका. कारण वर सांगितलंच आहे. ई-इन्व्हॉइस लागू असलेल्यांना नोटेचाही आयआरएन लागतो.

नोट अपलोड करण्याआधी ग्राहकाच्या हिशेबनिसाला फोन करा, आणि हा फोन टाळू नका. बरेच व्यापारी माल परत पाठवताना आपल्या टॅलीत आमच्या नावाने डेबिट नोट घालतात आणि तेवढा आयटीसी स्वतःच उलटवतात. ती डेबिट नोट त्यांच्या वह्यांपुरती आहे. जीएसटीत माल विकणाऱ्यानेच नोट काढायची असते. मग आपली क्रेडिट नोट जीएसटी पोर्टलवर त्यांच्या आयएमएसमध्ये, म्हणजे आलेली बिलं-नोटा स्वीकारायच्या किंवा नाकारायच्या यादीत दिसते, तोच आयटीसी दुसऱ्यांदा कमी होणार असं त्यांना वाटतं आणि ते ती नाकारतात. नाकारली की ३,२०० पुढच्या ३बी मध्ये आपल्या देण्यात परत येतात. आधी उलटवलेला आयटीसी आयएमएसमध्येच नोंदवता येतो, एवढं त्यांना फोनवर सांगितलं तर बहुतेक वेळा काम होतं. १ ऑक्टोबर २०२५ पासून कायद्यानेही ग्राहकाने घेतलेला आयटीसी उलटवल्याशिवाय आपला कर कमी होत नाही. म्हणून त्यांच्याकडून ईमेलवर एक ओळ घेऊन नोटेला जोडा.

दर वाढवायचा असेल तर डेबिट नोट. समजा उरलेल्या ४२ डब्यांवर किलोमागे २० रुपये वाढवून द्यायचं ठरलं. म्हणजे ४२० किलोचे ८,४०० आणि कर ४२०. हे ८,४०० क्रेडिट नोटेतून वजा करून एकच आकडा दाखवायचा मोह होतो. तसं करू नका, दोन वेगळे कागद काढा. डेबिट नोटेला ३० नोव्हेंबरची अडचण नाही, आणि ग्राहकाच्या आयटीसीची मुदतही डेबिट नोटेच्याच वर्षावरून मोजतात. बिल करतानाच दर चुकून कमी लागला असेल तर व्याजाचं सीएला विचारा.

मुदत उलटून गेली तर जीएसटीची क्रेडिट नोट विसरा. नोंदणीकृत ग्राहकाला सांगा, स्वतःचं कर बिल करून माल पाठव. त्यावर आपल्याला आयटीसी मिळतो. ग्राहक तयार नसेल तर कर न लावता फक्त किमतीची नोट द्यावी लागते, आणि त्या ८ डब्यांवर भरलेला कर सरकारकडेच राहतो.

बाकी थोडक्यात. आलेला गर पुन्हा सुकवून विकला तर स्टॉकमध्ये घ्या. फेकला तर त्याच्या कच्च्या मालाचा आयटीसी उलटवा. किरकोळ ग्राहकांकडून परत आलेला माल त्या महिन्याच्या विक्रीतून वजा होतो. नोंदणीकृतांच्या नोटा जीएसटीआर-१ च्या ९बी तक्त्यात. ३बी भरण्याआधी आयएमएसवरची नोटेची स्थिती एकदा बघा. आणि ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात मार्चअखेरपर्यंतच्या बिलांची यादी काढून कोणाकोणाचा माल परत यायचा आहे ते त्यावर खूण करा.