शिफ्टची कामगिरी मोजताना या चुका टाळा: बंद तिकिटे, सरासरी वेळ आणि रिओपन

पुण्यातील एका आयटी सर्व्हिस डेस्कवर मी काही वर्षे तिन्ही शिफ्टचे साप्ताहिक अहवाल तयार करत असे. त्या अहवालात रात्रपाळी नेहमी तळाशी दिसे, आणि ती आळशी आहे असे तिच्यासोबत एकही रात्र न काढलेल्या माणसांचे ठाम मत बनले होते. आकडे खरे होते. त्यांची तुलना मात्र चुकीची होती.

पहिली चूक बंद झालेल्या तिकिटांची नुसती संख्या मोजण्याची. एका सर्वसाधारण दिवशी सकाळची पाळी पाच जणांत १२० तिकिटे बंद करी, तर रात्रीची तीन जणांत ४०. माणशी हिशेब केला तरी २४ विरुद्ध १३ असाच फरक पडे. पण सकाळच्या १२० पैकी १०० तिकिटे पासवर्ड रिसेट, खाते अनलॉक अशी किरकोळ होती आणि रात्रीच्या ४० पैकी ३० तिकिटे रात्रीचे जॉब फेल होणे, सर्व्हर किंवा नेटवर्क बंद पडणे अशा किचकट कामांची होती. शिवाय तिकिटाचे श्रेय ते बंद करणाऱ्या शिफ्टला मिळत असल्याने रात्रभर खपून हँडओव्हरमध्ये दिलेले काम सकाळच्या खात्यात जमा होई.

दुसरी चूक सरासरी वेळेची, आणि तिच्यावर थोडे थांबायला हवे, कारण ती मोठ्या हुशार माणसांनाही फसवते. सकाळी किरकोळ तिकिटाला सरासरी ६ मिनिटे आणि किचकट तिकिटाला ५० मिनिटे लागत. रात्री अनुक्रमे ५ आणि ४० मिनिटे. म्हणजे दोन्ही प्रकारांत रात्रपाळी वेगवान होती. तरीही सगळी तिकिटे एकत्र केल्यावर सकाळची सरासरी १६०० भागिले १२० म्हणजे सुमारे १३ मिनिटे येते आणि रात्रीची १२५० भागिले ४० म्हणजे ३१ मिनिटे. संख्याशास्त्रात याला सिम्प्सनचा विरोधाभास म्हणतात: दोन्ही गटांत पुढे असलेली बाजू, गटांचे प्रमाण वेगळे असल्यामुळे, एकत्रित सरासरीत मागे पडते.

यावर आम्ही केलेला उपाय साधा होता. तिन्ही पाळ्यांना एकच माप लावायचे म्हणून प्रत्येक प्रकारासाठी एक प्रमाणित वेळ धरली, ती किरकोळ तिकिटासाठी ६ मिनिटे आणि किचकट तिकिटासाठी ४४ मिनिटे. त्यानुसार सकाळच्या कामाला १४८० मिनिटे अपेक्षित होती आणि प्रत्यक्षात १६०० लागली, म्हणजे सुमारे ८ टक्के जास्त. रात्रीच्या कामाला १३८० अपेक्षित असताना १२५० लागली, म्हणजे सुमारे ९ टक्के कमी. मात्र यात दोन पथ्ये पाळावी लागतात. तिकिटाचा प्रकार ते उघडताना ठरलेला असावा. बंद करणाऱ्यालाच तो बदलता आला तर किचकट तिकिटांची संख्या महिन्याभरात आपोआप वाढू लागते. आणि वेळ प्रत्यक्ष कामाचीच धरावी, तिकीट उघडल्यापासून बंद होईपर्यंतची नव्हे, नाहीतर रात्री दोन वाजता आलेले तिकीट वापरकर्त्याने सकाळी दहाला उत्तर देईपर्यंत आठ तास चालूच राहते. याच भीतीने काही जण तिकीट ‘पेंडिंग’मध्ये टाकून घड्याळ थांबवतात, पेंडिंगमधला वेळ अचानक वाढू लागला की तिथे आधी पाहावे.

तिसरी चूक रिओपनच्या टक्केवारीवर डोळे झाकून विश्वास ठेवण्याची. एका महिन्यात रात्रपाळीने बंद केलेल्या सुमारे १२०० तिकिटांपैकी ७२ पुन्हा उघडली होती, म्हणजे ६ टक्के, आणि सकाळच्या ३६०० पैकी १०८, म्हणजे ३ टक्के. त्यावरून रात्रीच्या टीम लीडला जाब विचारला गेला. त्याने एवढेच सांगितले, “सर, ती तिकिटे उघडून तरी बघा.” मी बसून सगळी ७२ वाचली. ३१ तिकिटांत वापरकर्त्याने सकाळी उठून फक्त ‘थँक्स’ असा मेल पाठवला होता आणि आमच्या प्रणालीत कोणताही मेल आला की तिकीट उघडत असे. १४ तिकिटांत अगदी वेगळीच अडचण जुन्या तिकिटावर लिहिलेली होती. खरोखर अपुरे काम झालेली २७ उरली, म्हणजे सव्वादोन टक्के.

सकाळच्या बाजूला गोष्ट उलटी होती. तिथे तिकीट समोर बसून बंद होई आणि अडचण परत आली की लोक जुने तिकीट न शोधता नवीनच टाकत, त्यामुळे ती रिओपनमध्ये मोजलीच जात नसे. एकाच वापरकर्त्याने त्याच प्रकारचे तिकीट सात दिवसांत पुन्हा टाकले आहे का, एवढी एक चाळणी लावल्यावर अशी आणखी १६० तिकिटे सापडली. त्यातली सगळीच अपुऱ्या कामाची नव्हती, पासवर्ड कोणी आठवड्यात दोनदाही विसरतो, पण ३ टक्क्यांचा आकडा पूर्ण चित्र दाखवत नव्हता हे उघड झाले. या चाळणीची एक मर्यादा अशी की ताज्या तिकिटांना परत यायला अजून सात दिवस मिळालेले नसतात. म्हणून आम्ही पुढे महिन्याचा अहवाल पुढच्या महिन्याच्या आठ तारखेला काढू लागलो.